माशाचं वजन, माशाची लांबी आणि बर्नुलीचं समीकरण

बर्नुली हे आडनाव ऐकलं की बहुतेकांना वाहत्या द्रवाचा दाब आणि वेग आठवतो. ते समीकरण डॅनिएल बर्नुलीचं. या लेखातलं समीकरण त्याचा काका याकोब बर्नुली याचं आहे. बाझेलच्या या गणितज्ञाने १६९५ साली लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरुम’ या नियतकालिकात ते कोडं म्हणून मांडलं. पुढच्याच वर्षी लायब्निझने दाखवलं की चल बदलला तर ते सरळ रेषीय समीकरण होतं. कॉलेजात आजही तीच रीत शिकवतात.

समीकरण असं आहे:

y' + p(x)·y = q(x)·yⁿ

उजवीकडे yⁿ नसतं, तर हे साधं रेषीय अवकल समीकरण झालं असतं आणि समाकलन गुणकाने लगेच सुटलं असतं. n शून्य किंवा एक असेल तर ते तसंच रेषीय आहे. इतर घातांकांसाठी मात्र yⁿ आड येतो. म्हणून आधी सगळ्याला त्यानेच भागून पाहू:

y⁻ⁿ·y' + p·y¹⁻ⁿ = q

आता डावीकडच्या दोन पदांचं नातं पाहा. दुसऱ्या पदात y¹⁻ⁿ आहे. त्याचा अवकलज (1−n)·y⁻ⁿ·y' येतो, म्हणजे (1−n) हा गुणक सोडला तर पहिलं पदच. तेव्हा v = y¹⁻ⁿ हा नवा चल घ्यायचा आणि सगळं (1−n) ने गुणायचं:

v' + (1−n)·p·v = (1−n)·q

हे v मध्ये रेषीय आहे. पाठ्यपुस्तकात हे एखाद्या हातचलाखीसारखं समोर येतं, आणि v कुठून आला असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात राहून जातो. पण काही वेळा हा v आपल्या ओळखीची, मोजता येणारी राशी असतो. त्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण माशांच्या वाढीचं आहे.

ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालन्फी याने १९३८ साली प्राण्यांच्या वाढीचा एक नियम मांडला. शरीर अन्न-प्राणवायू आत घेतं ते पृष्ठभागांतून, आणि पृष्ठभाग वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. झीज मात्र सगळ्या शरीराची होते, म्हणून ती वजनाच्याच प्रमाणात. वाढीचा वेग म्हणजे या दोहोंची वजाबाकी. W हे किलोतलं वजन, t ही वर्षं, आणि गणित सोपं व्हावं म्हणून मी निवडलेले स्थिरांक 1.2 आणि 0.6 घेतले, तर:

W' = 1.2·W^(2/3) − 0.6·W

झिजेचं पद डावीकडे नेलं की हे n = 2/3 असलेलं बर्नुली समीकरण आहे. मग 1−n = 1/3, आणि नवा चल v = W^(1/3), वजनाचं घनमूळ. माशाचा आकार वाढताना बदलत नसेल तर त्याचं वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतं. म्हणजे v ही, एका स्थिर गुणकाचा फरक सोडला तर, माशाची लांबीच.

आता दोन्ही गुणकांना 1/3 ने गुणू:

v' + 0.2·v = 0.4

समाकलन गुणक e^(0.2t). त्याने गुणलं की डावी बाजू (v·e^(0.2t))' होते आणि उजवी 0.4·e^(0.2t). समाकलन करून:

v = 2 + C·e^(−0.2t)

सुरुवातीला मासा १ किलोचा असेल तर v(0) = 1, म्हणून C = −1. वजनाकडे परतायला घन करायचा:

W = (2 − e^(−0.2t))³

पाच वर्षांनी v सुमारे १.६३ होतो आणि वजन सुमारे ४.३५ किलो. दहा वर्षांनी वजन ६.४८ किलोच्या आसपास. कितीही काळ गेला तरी ८ किलो ओलांडले जात नाहीत, कारण v ची मर्यादा २ आहे.

लांबीचा आणि वजनाचा आलेख शेजारी ठेवले की फरक दिसतो. लांबीचा वेग पहिल्या दिवसापासून कमीच होत जातो. वजनाचा वेग मात्र आधी वाढतो आणि v = 4/3 ला, म्हणजे वजन सुमारे २.३७ किलो असताना, शिखर गाठून उतरतो. या माशाच्या बाबतीत ते साधारण दोन वर्षांनी घडतं, आणि तेव्हा तो वर्षाला सुमारे ०.७१ किलो या वेगाने वाढत असतो. वजनाचा आलेख इंग्रजी S सारखा वळतो, लांबीचा वळत नाही. मत्स्यशास्त्रात बर्टालन्फीचं सूत्र बहुधा लांबीसाठी लिहिलेलं आढळतं, कारण तिथे ते साध्या घातांकी रूपात येतं आणि मासळी हातात आली की पट्टीवर लांबी मोजणं सोपं असतं.

या रीतीत सर्वांत जास्त चुका (1−n) या गुणकाशी होतात. तो p ला लावला आणि q ला लावायचा राहिला, तर आपल्याला v' + 0.2v = 1.2 मिळेल. हे पकडायला पूर्ण उत्तर काढावं लागत नाही. मूळ समीकरणात W' = 0 ठेवलं की शून्याखेरीज W = 8 येतं. चुकीच्या समीकरणात v' = 0 ठेवलं की v = 6, म्हणजे २१६ किलोचा मासा. गुणक दोन्हीकडे विसरला तर ही तपासणी फसते, v = 2 बरोबरच येतं. तेव्हा सुरुवातीचा वेग पाहावा. मूळ समीकरणात १ किलोला वेग 1.2 − 0.6 = 0.6 आहे. गुणक विसरलेल्या समीकरणात v' = 0.6 येतो, आणि W' = 3v²v' असल्याने वेग 1.8, म्हणजे तिप्पट. या दोन तपासण्या मिळून चूक कुठे झाली तेही सांगतात.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. आपण W^(2/3) ने भागलं, आणि शून्याने भागता येत नाही. W = 0 हे मूळ समीकरणाचं खरं उत्तर आहे, पण भागाकारात ते गळून पडतं. नव्या समीकरणात v(0) = 0 ठेवलं तर W = 8(1 − e^(−0.2t))³ मिळतं, आणि तेही मूळ समीकरणात बसतं. एकाच शून्यापासून दोन वेगळी उत्तरं! हा हिशेबातला दोष नाही. घातांक शून्य आणि एकच्या मधे असला की शून्यापाशी उत्तर एकमेव राहत नाही. म्हणून माशाचं गणित शून्य वजनापासून सुरू करू नये. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लालाही थोडं वजन असतंच, तेच घ्यावं.

घातांक एकापेक्षा मोठा असला की वेगळा धोका येतो. y' = y² − y आणि y(0) = 2 घ्या. इथे v = 1/y, त्यामुळे v' = v − 1 आणि v = 1 − e^t/2. हे रेषीय उत्तर कुठेही बिघडत नाही, पण t = ०.६९ च्या सुमारास v शून्य होतो आणि त्या क्षणी y अनंताकडे झेपावतो. म्हणून v चं उत्तर मिळाल्यावर तो कुठे शून्य होतो हे पाहायचं, आणि y चं उत्तर तिथपर्यंतच खरं मानायचं.

p आणि q स्थिर असायला हवेत असं नाही. पावसाळ्यात अन्न जास्त आणि उन्हाळ्यात कमी असेल, तर 1.2 च्या जागी काळाबरोबर बदलणारं फलन ठेवा. समीकरण रेषीयच होतं, फक्त समाकलन अवघड होतं. पण झीज वजनाच्या प्रमाणात न राहता W^(0.9) च्या प्रमाणात असेल, किंवा वजनातून दर वर्षी ठरावीक किलो वजा होत असतील, तर चल बदलण्याची ही रीत चालत नाही. असं समीकरण बहुधा संगणकावर लहान लहान पायऱ्यांनी, संख्यात्मक पद्धतीने सोडवतात.