चौघांचा तक्ता, कुणाचे किती गुण?

नववीच्या एका गटाने घरोघरच्या पाण्याचा कठीणपणा मोजला होता. परीक्षानळीत १० मिलि पाणी घ्यायचं, ड्रॉपरने साबणाचं द्रावण थेंबथेंब टाकत नळी हलवायची आणि फेस मिनिटभर टिकला की थेंब मोजून लिहायचे. बोअरच्या पाण्याला ३४ थेंब लागले, नळाच्या पाण्याला ९. तक्ता देखणा होता. मी चौघांनाही २० पैकी १८ गुण देऊन मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी गटातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, मला जास्त नकोत. पण जो एकदाही मोजायला आला नाही, त्याला माझ्याइतके कसे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुणांच्या कागदावर 'सहभाग - ५' असा रकाना होता खरा, पण तो मी मुलांचे चेहरे आठवून भरायचे.

रुब्रिक म्हणजे कुठल्या कामाला किती गुण, हे आधीच लिहून ठेवलेला तक्ता. त्यात 'निरीक्षणे उत्तम', 'निरीक्षणे समाधानकारक' असं लिहिलं की तपासणारा पुन्हा मनाचाच कौल देतो. म्हणून मी निरीक्षणांची ओळ डोळ्यांना दिसेल अशा भाषेत लिहिली. प्रत्येक नमुना तीनदा मोजलाय, तिन्ही आकडे तारखेसह वहीत आहेत आणि चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता एका रेघेने छेदलाय, तर ४ गुण. तीनदा मोजून फक्त सरासरी लिहिली असेल तर ३. एकदाच मोजलं असेल तर २. तक्त्यावर आकडे आहेत पण वहीत कच्ची नोंदच नाही, तर १. प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि मांडणी यांच्या ओळीही अशाच. हा तक्ता मुलांना पहिल्याच दिवशी द्यायचा. शेवटी दिला तर तो फक्त निकालपत्र होतो.

हे झाले गटाचे गुण. एकेकाच्या वाट्यासाठी चिठ्ठ्या. प्रत्येकाने स्वतःला वगळून उरलेल्या तिघांत ३० गुण वाटायचे आणि चिठ्ठी घडी घालून माझ्याकडे द्यायची. सगळ्यांनी सारखं काम केलं असेल तर प्रत्येकाला एकूण ३० मिळतात. एका गटात चौघांना ३९, ३३, ३० आणि १८ मिळाले. त्यांना ३० ने भागलं की प्रत्येकाचा गुणक निघतो: १.३, १.१, १ आणि ०.६.

गटाला २० पैकी १६ होते. त्यांना सरळ गुणकाने गुणलं तर पहिलीला २०.८ मिळतात, म्हणजे पैकीच्या पैकीपेक्षाही जास्त, आणि शेवटचा ९.६ वर आपटतो. म्हणून मी निम्मे गुण, म्हणजे ८, सगळ्यांना सारखे देते आणि उरलेल्या ८ लाच गुणक लावते. मग गुण होतात १८.४, १६.८, १६ आणि १२.८. फरक दिसतो, पण चिठ्ठ्यांमुळे कुणी नापास होत नाही.

चिठ्ठ्या खोटं बोलू शकतात, हे पुढच्याच वर्षी कळलं. तीन मैत्रिणींनी चौथीला प्रत्येकी ४ आणि एकमेकींना १३-१३ दिले होते. चौथीने मात्र तिघींना १०-१० दिले होते. तिचा गुणक आला ०.४. तीन चिठ्ठ्यांत तंतोतंत तेच आकडे दिसले की शंका यायलाच हवी. वही उघडली तर तीन दिवसांच्या नोंदी चौथीच्याच अक्षरात होत्या. मग चौघींना वेगवेगळं बोलावून एकच प्रश्न विचारला: बोअरच्या नळीत फेस येण्याआधी काय दिसलं? तिघींनी तक्त्यावरचा निष्कर्ष घडाघडा म्हटला. चौथी म्हणाली, "पांढरा चोथा तरंगत होता, दह्यासारखा." पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून तो चोथा होतो, आणि ज्याने नळी हलवली त्यालाच तो आठवतो. नंतर कळलं की तिसऱ्या खेपेचे आकडे न मोजताच लिहायचं ठरलं होतं आणि हिने ते लिहायला नकार दिला होता. त्या गटाच्या चिठ्ठ्या मी बाजूला ठेवल्या आणि वही व तोंडी उत्तरांवरूनच गुण दिले.

नुसत्या अक्षरावरही भिस्त ठेवता येत नाही. सुंदर अक्षराच्या मुलीला सगळ्यांच्या नोंदी उतरवायला बसवतात आणि ड्रॉपर मुलगे धरतात, हे दर वर्षीचंच. आता मोजणी, नोंद, नमुने आणणं आणि नळ्या धुणं ही कामं रोज फिरतात, आणि त्या दिवशी कुणी काय केलं याची सही वहीच्या समासात होते. आजारपणात बुडलेला दिवस तिथेच लिहायचा, म्हणजे त्याचा भुर्दंड चिठ्ठीतून बसत नाही.

दोघांच्या गटात मात्र ही चिठ्ठी निरुपयोगी ठरते. स्वतःला वगळलं की एकच जण उरतो, आणि तीसच्या तीस गुण त्यालाच जातात. तिथे मी चिठ्ठी मागतच नाही. वही उघडते आणि दोघांना वेगवेगळं बोलावते.