दोन वर्षांचे सूत्र तिसऱ्या वर्षाला लावले तर

सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज यांतील फरकावरचे गणित स्पर्धा परीक्षांत हमखास भेटते. त्यासाठी एक सूत्र पाठ केले जाते: फरक = मुद्दल × (दर ÷ १००)². मुद्दल १०,००० रुपये, दर द.सा.द.शे. १०, मुदत २ वर्षे. फरक १०० रुपये. उत्तर बरोबर आहे. मात्र ते का बरोबर आले, हे पाहिल्यावरच सूत्राची मर्यादा दिसते.

पहिल्या वर्षी दोन्ही पद्धतींत व्याज सारखेच, १,००० रुपये. दुसऱ्या वर्षी चक्रवाढीत या १,००० रुपयांवरही व्याज चढते, ते १०० रुपये. सगळा फरक एवढाच. सूत्रात दराचा वर्ग येतो तो याच कारणाने: दर एकदा मुद्दलावर लागतो आणि एकदा त्या व्याजावर. म्हणजे मुदत नेमकी दोन वर्षांची, दोन्ही वर्षी दर तोच आणि व्याज वर्षातून एकदाच मुद्दलात मिळवलेले, या तीन गोष्टी सूत्राने गृहीतच धरल्या आहेत. सूत्रात त्या लिहिलेल्या नसतात, म्हणून पाठांतरात त्या निसटतात.

आता प्रश्न असा: द.सा.द.शे. १० दराने ३ वर्षांत फरक ३१० रुपये पडतो, तर मुद्दल किती? पाठ सूत्राने उत्तर ३१,००० येते. आकडा पूर्ण, नीटस दिसतो, आणि असे उत्तर पर्यायांत असले तर शंकाही येत नाही. पण ताळा करून पाहावा. ३१,००० रुपयांवर ३ वर्षांचे सरळव्याज ९,३०० आणि चक्रवाढ व्याज १०,२६१; फरक ९६१, म्हणजे ३१०च्या तिपटीहून जास्त. खरे मुद्दल १०,००० आहे. दुसऱ्या वर्षी १०० रुपये जादा मिळाले. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांच्या साचलेल्या २,१०० रुपये व्याजावर आणखी २१०. बेरीज ३१०.

दर बदलला तरी चूक होते, फक्त ती लहान असल्याने डोळ्यांत भरत नाही. त्याच १०,००० रुपयांवर पहिल्या वर्षी १० आणि दुसऱ्या वर्षी २० टक्के दर असेल, तर सरासरी १५ धरून सूत्र २२५ रुपये सांगते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाच्या १,००० रुपये व्याजावर २० टक्के, म्हणजे २०० रुपयेच फरक पडतो. इथे वर्गाच्या जागी दोन दरांचा गुणाकार हवा.

सहामाही चक्रवाढीत तर दोन वर्षांत चार वेळा व्याज मिळवले जाते. १०,००० रुपयांवर १० टक्के दराने खरा फरक १५५ रुपये ६ पैसे होतो. सूत्रात १० घातले तर १०० आणि सहामाही दर म्हणून ५ घातले तर २५ येतात. बँकांच्या मुदत ठेवींवर व्याज बहुधा तिमाहीने मुद्दलात मिळवले जाते, त्यामुळे दोन वर्षांच्या अशा ठेवीलाही हे सूत्र लागू पडत नाही.