पोकळ वाहकाच्या आतली विद्युत शांतता

जानेवारी 1836 मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 12 फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारला आणि त्यावर तांब्याच्या तारा, कागद व कथलाचा पत्रा लावला. मोठ्या विद्युतयंत्राने हा पिंजरा प्रभारित केल्यावर बाहेरून ठिणग्या उडत होत्या. फॅरडे स्वतः पेटती मेणबत्ती आणि संवेदनशील विद्युतमापके घेऊन आत गेले. मापके जराही हलली नाहीत.

पत्र्याने बाहेरचे विद्युत क्षेत्र अडवले, असे यावरून वाटते. प्रत्यक्षात ते अडत नाही. समजा, धातूच्या पोकळ डब्याबाहेर उजवीकडे धन प्रभार ठेवला. त्याचे क्षेत्र धातूतून आणि पोकळीतूनही जाते. मात्र धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन त्या प्रभाराकडे ओढले जातात. डब्याची उजवी बाजू ऋण होते आणि डावीकडे इलेक्ट्रॉन कमी पडून धन प्रभार उरतो. या सरकलेल्या प्रभारांचेही क्षेत्र असते. धातूत थोडेही क्षेत्र शिल्लक असेल, तर इलेक्ट्रॉन सरकत राहतील. म्हणून बेरीज शून्य झाल्यावरच ते थांबतात. चांगल्या धातूत हे इतक्या झटपट घडते की वेळ लागला असे जाणवतच नाही.

पण धातूत क्षेत्र शून्य झाले, म्हणून रिकाम्या पोकळीतही ते शून्य का असावे? पोकळीला वेढणारा एक बंद पृष्ठभाग धातूच्या आतून कल्पिला, तर गाउसच्या नियमाने आतल्या भिंतीवरचा एकूण प्रभार शून्य ठरतो. तरीही एका कोपऱ्यात धन आणि दुसऱ्यात तेवढाच ऋण प्रभार असू शकेल, ही शंका उरतेच, आणि ती रास्त आहे.

तसे असेल, तर धन कोपऱ्यातून ऋण कोपऱ्याकडे पोकळीतून बलरेषा जाईल. त्या रेषेवरून छोटा धन प्रभार नेला, तर क्षेत्र वाटभर त्याला पुढे ढकलून कार्य करील. परतीची वाट धातूतून घेतली, तर तिथे क्षेत्रच नसल्याने कार्य शून्य. म्हणजे प्रत्येक फेरीत फुकट ऊर्जा हाती येईल! स्थिर प्रभारांच्या क्षेत्रात बंद फेरीचे एकूण कार्य शून्यच असते. म्हणून आतल्या भिंतीवर प्रभार नाही आणि पोकळीत क्षेत्रही नाही. डब्याचा आकार वेडावाकडा असला तरी हा युक्तिवाद ढळत नाही.

पोकळीतच प्रभार ठेवला, तर मात्र आत क्षेत्र असते. डबा जमिनीशी जोडलेला नसेल, तर त्याचा परिणाम बाहेरही पोहोचतो. स्थिर चुंबकीय क्षेत्राला तांब्याचा डबा रोखत नाही. आत ठेवलेली होकायंत्राची सुई बाहेरच्या चुंबकाने फिरते.