भावंडांकडे नेमकं काय मागायचं?

आई सांगलीत धाकट्याकडे, दादा पुण्यात, ताई बंगळुरूला. धाकटा फोनवर म्हणतो, ‘तुम्हीही जरा लक्ष द्या.’ उत्तर येतं, ‘काही लागलं तर सांग.’ इथेच गाडी अडते. कारण काय लागतं ते ठरवायचं कामही धाकट्याकडेच राहतं.

त्याऐवजी आधी आईला विचारावं, कोणी काय केलेलं तिला चालेल. मग आठवडाभर कामं टिपून ती यादी दोघांना पाठवावी आणि एकेकाकडे एक अख्खं काम मागावं: ‘ताई, आईची बीपी-शुगरची औषधं तू सांभाळशील का? दर रविवारी व्हिडिओ कॉलवर गोळ्या मोजायच्या, दहा दिवसांच्या उरल्या की मागवायच्या, डॉक्टरांनी डोस बदलला की मी चिठ्ठीचा फोटो पाठवेन.’ गोळ्या संपत आल्याचं ताईच्या लक्षात आलं, तरच काम खऱ्या अर्थाने वाटलं गेलं. धाकट्यालाच आठवण करून द्यावी लागत असेल, तर नाही.

रात्री दोनदा उठून आईला बाथरूमला नेणं मात्र दुरून होत नाही. तिथे दादाला तारखाच विचाराव्यात: ‘मी रात्री सलग झोपू शकत नाही. महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार तू इथे राहशील का?’ ‘तू कधी येतच नाहीस’ म्हटलं, की बोलणं जुन्या हिशेबावर जातं. दादाला रजा नसेल तर त्या दोन रात्रींच्या आयाचे पैसे त्याने द्यावेत, असं सरळ मागावं. ठरलेलं लिहून ठेवावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावं, कारण आईची तब्येत तीच राहत नाही.