नानीला गोळी, मला सुई काहून?

आमच्या पवनीच्या घरात आता दोघे शुगरवाले आहेत. एक माझी अम्मी, वय चौऱ्याहत्तर. दुसरा माझ्या बहिणीचा मुलगा, वय चौदा. अम्मीची शुगर पंधरा वर्षांची जुनी. सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर एकेक गोळी घेते, की तिचे भागते. मुलाची अगदी नवी. गेल्या पावसाळ्यात तीन आठवड्यांत तो असा वाळला की शाळेचा शर्ट खांद्यावरून उतरू लागला. रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठे, माठातले पाणी त्याला पुरेना. आम्ही समजलो, वाढीचे वय आहे. मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास भरभर चालू लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येऊ लागला, तेव्हा त्याला नागपूरला नेले. शुगर निघाली ४८६.

घरी आल्यावर त्याने मला विचारले, ''मामू, शुगर नानीलाही आहे. मग तिला गोळी अन् मला सुई काहून?''

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. पण पोराने विचारले म्हणून डॉक्टरांना भंडावून सोडले, वाचले आणि मग त्याला सांगितले. तेच आज तुम्हाला सांगतो.

त्याला म्हटले, ''आधी हे समजून घे, की तुझा अन् नानीचा आजार एक नाही. नाव एक आहे, कारण दोघांच्याही रक्तात साखर वाढते. ताप मलेरियानेही येतो अन् टायफॉइडनेही, तसेच हे.''

आपण भात खातो, त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तात साखर किती असावी? मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम एक चमचा. एवढ्या बारीक मापावर शरीर ती राखते, आणि राखणारा आहे इन्शुलिन. पोटामागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात बीटा नावाच्या पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. इन्शुलिन त्या पेशी तयार करतात, दुसरे कोणी नाही.

इन्शुलिनची दोन कामे लक्षात ठेवावीत. एक सर्वांना माहीत आहे: स्नायूंची दारे उघडून साखर आत घेणे. दुसरे फारसे कोणी सांगत नाही. आपले यकृत म्हणजे घरातली धानाची कोठी. जेवण नसते तेव्हा यकृत साठ्यातून साखर काढून रक्तात सोडते. किती सोडायची, कधी थांबायचे, हा हुकूम इन्शुलिनचा. हुकूम देणारा नसेल तर रक्तात आधीच पूर आलेला असतानाही कोठी उघडीच राहते.

आता मुलाचे काय झाले ते पाहू. शरीराची रोगाशी लढणारी फौज जंतूंवर धावून जाते. काहींच्या बाबतीत ती चुकते आणि आपल्याच बीटा पेशींना शत्रू समजून मारू लागते. हे काम महिनोन् महिने, कधी कधी काही वर्षे चुपचाप चालते. बऱ्याचशा पेशी गेल्या की मग लक्षणे एकदम दिसतात. हा टाइप वन. मुलाने मिठाई खाल्ली म्हणून हा झालेला नाही, आईने लाड केले म्हणूनही नाही. माझी बहीण अजून रडते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

इन्शुलिन नाही, म्हणून साखर रक्तातच राहते. ती १८०च्या आसपास गेली की मूत्रपिंडांना आवरत नाही, लघवीवाटे वाहू लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून ती तहान. आत मात्र पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळू लागते आणि तिच्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात. फळासारखा वास त्यांचाच, आणि भरभर श्वास म्हणजे ते आम्ल बाहेर टाकण्याची शरीराची धडपड. आणखी एक-दोन दिवस आम्ही वाट पाहिली असती, तर पोर हातचे जाते.

अम्मीचे वेगळे. तिच्या बीटा पेशी जिवंत आहेत, इन्शुलिनही तयार होते. पण तिचे स्नायू आणि यकृत त्याचे ऐकत नाहीत. एका हाकेला ओ मिळत नाही म्हणून स्वादुपिंड दोन-तीन हाका मारते. वर्षानुवर्षे असे जादा काम करून ते थकते, आणि मग साखर वाढते. हा टाइप टू.

''पण नानी तर जाड नाही,'' पोरगा म्हणाला. प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण देऊन दिले आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली त्यांचा आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजायचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसांच्या अंगात चरबी अशी लपलेली असू शकते. ती यकृतात आणि पोटात साचली की इन्शुलिनचे ऐकू येत नाही.

आता गोळीचे कोडे सुटते. अम्मीची एक गोळी यकृताची कोठी आवरते, दुसरी थकलेल्या बीटा पेशींना पिळून आणखी इन्शुलिन काढते. मुलाच्या बीटा पेशीच मेल्या, पिळणार काय? आणि इन्शुलिनचीच गोळी का नाही? इन्शुलिन हे प्रथिन आहे. गिळले तर पोट ते डाळीसारखे पचवून टाकील. म्हणून सुई. पुढे अम्मीलाही कदाचित सुई लागेल, पण तेवढ्याने तिचा आजार टाइप वन होणार नाही.

डॉक्टर दोघांत फरक कसा ओळखतात? स्वादुपिंड इन्शुलिन घडवताना आधी लांब साखळी करते आणि मग मधला तुकडा कापून काढते. तो तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. जितके इन्शुलिन, तितकेच हे तुकडे. बाजारच्या इन्शुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे सुई घेणाऱ्याच्या रक्तातही स्वतःचे इन्शुलिन किती, हे कळते. आमच्या मुलाचे फारच कमी निघाले. सुरुवातीच्या काळात कधी कधी या आकड्यावरून नक्की सांगता येत नाही. म्हणून बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडेही तपासतात. मुलाच्या रक्तात तीही सापडली.

शेवटी दोन गोष्टी सांगतो, कारण घरे इथेच चुकतात. सुई सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मुलाची गरज घटली. शेजारी म्हणाले, औषध लागू पडले, बंद करा. उरलेल्या थोड्या पेशींना विसावा मिळाला की त्या काही महिने काम करतात. नंतर त्याही जातात. हा आजार बरा होणे नव्हे.

दुसरी गोष्ट उपाशीपणाची. ताप आहे, उलट्या आहेत, जेवण नाही, मग सुई कशाला, असे वाटते. कोठी आठवा. जेवण नसले तरी यकृत साखर सोडतच असते आणि आजारपणात तर जास्तच सोडते. म्हणून त्या दिवशी शुगर आणि कीटोन वारंवार तपासावे आणि डॉक्टरांना विचारून मात्रा बदलावी, पण टाइप वनमध्ये इन्शुलिन बंद करू नये.

पोराने सगळे ऐकले. मग म्हणाला, ''म्हणजे नानीचं दुकान चालू आहे, गिऱ्हाईक ऐकत नाही. अन् माझं दुकानच जळालं. म्हणून माल बाहेरून आणायचा.''

मला एवढे नेमके सांगता आले नव्हते. आता सुई घेताना तो नानीला हाक मारतो, आणि नानी गोळी घेऊन त्याच्याजवळ बसते.