वहीला पत्ता तपासता येत नाही

पासकीवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो आहे. ओटीपीवरच्या गेल्या लेखानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न होता: घरातल्या वडीलधाऱ्यांनी पासवर्ड ठेवायचे कुठे? वहीत, क्रोममध्ये, की वेगळं पासवर्ड मॅनेजर घेऊन त्यात? सांगलीच्या एका वाचक बाईंनी तर सरळच विचारलं आहे की मुलगा म्हणतो वही फाडून टाका, तर फाडू का? फाडू नका, हे माझं उत्तर. पण वहीतला बराचसा मजकूर तिथून हलवायला हवा, आणि त्याचं कारण सहसा सांगितलं जातं ते नाही.

वहीवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे ती कुणाच्या तरी हाती लागेल. हा आक्षेप मला फारसा पटत नाही. खात्यातले पैसे पळवणारा माणूस शेकडो मैलांवर बसलेला असतो आणि तुमच्या कपाटापर्यंत त्याचा हात पोचत नाही. ब्रूस श्नायर या नामांकित सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच सुचवलं होतं की लक्षात न राहण्याइतका कठीण पासवर्ड घ्या आणि तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा. वहीचा खरा दोष असा, की तिच्यातला पासवर्ड माणसाला सुचावा लागतो आणि दरवेळी पाहून टाइप करावा लागतो. मग तो सोपा होतो आणि सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच होतो. Sunita@1962 हा वीजबिलाला, Sunita@1963 हा रेल्वेच्या तिकिटाला, Sunita@1964 हा ईमेलला. एखाद्या लहानशा खरेदीच्या साइटवरून ईमेल आणि पासवर्डची जोडी फुटली, की ती जोडी आणि तिची अशी भावंडं इतर शेकडो साइटवर आपोआप लावून पाहणारे प्रोग्रॅम असतात. तिथे अंदाज बांधायला माणूस बसलेला नसतो.

याहून मोठा दोष दुसराच आहे. समजा, केवायसी आज संपतंय असा मेसेज आला आणि त्यातल्या लिंकवर बँकेसारखंच पान उघडलं. तोच रंग, तेच बोधचिन्ह. वही वापरणारी व्यक्ती बँकेचं पान काढते, चष्मा लावते आणि एकेक अक्षर तपासून पासवर्ड भरते. तिने सगळं काळजीपूर्वक केलं, तरी पासवर्ड चोराकडे गेला, कारण पानाचा पत्ता कुणीच तपासला नाही. ब्राउझर किंवा पासवर्ड मॅनेजर मात्र पासवर्ड साठवताना त्याबरोबर साइटचा पत्ताही साठवतो. पान कितीही हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा असेल तर तो पासवर्ड पुढे करत नाही. चौकट रिकामी राहते. घरातल्या मोठ्यांना एवढी एकच गोष्ट शिकवा: नेहमी आपोआप भरणारी चौकट आज भरली नाही, तर हाताने भरायची नाही, थांबायचं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते .bank.in या शेपटावर न्यायचे होते. पत्ता बदलल्यावर खऱ्या बँकेच्या पानावरही जुना पासवर्ड आपोआप भरला नसेल. मग खरं काय ते कसं ओळखायचं? लिंक बंद करायची, अॅड्रेस बारमध्ये बँकेचा पत्ता स्वतः टाइप करायचा, त्याचा शेवट .bank.in असा आहे हे पाहायचं आणि मग पासवर्ड भरून नव्याने सेव्ह करायचा. वर्षातून एखाद्या वेळी एवढा त्रास झाला तर तो घेण्यासारखा आहे.

आता ब्राउझर की वेगळं मॅनेजर? तांत्रिक बाजूने वेगळं मॅनेजर सरस आहे, हे मान्य. बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारख्या अॅपमध्ये अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज एकत्र नांदतात, आणि नवराबायकोला काही पासवर्ड सामायिक ठेवता येतात. पण त्या तिजोरीला एक मास्टर पासवर्ड असतो, आणि तो कंपनीलाही ठाऊक नसतो. सुरक्षेच्या दृष्टीने हा गुण आहे. सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत तोच धोका ठरतो, कारण मास्टर पासवर्ड विसरला आणि आधी काही तजवीज केली नसेल, तर तिजोरी कायमची बंद. गूगलचं खातं निदान फोन नंबरवरून परत मिळवता येण्याची शक्यता असते. शिवाय २०२२ मध्ये लास्टपासमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्या कुलूपबंद होत्या, पण साइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांचं कुलूपही कच्चंच ठरणार होतं. म्हणजे हे साधन चांगलं वापरायचं तर घरात ते सांभाळणारं कुणीतरी हवं. तसं कुणी असेल तर जरूर घ्या. नसेल तर फोनमधलं गूगलचं किंवा अॅपलचं अंगचं पासवर्ड मॅनेजर पुरेसं आहे. लांबलचक पासवर्ड तेच सुचवतं, पत्ता तपासतं आणि फुटलेले पासवर्ड दाखवूनही देतं.

त्याच्या मर्यादा मात्र ओळखून असा. फोनमधले सगळे पासवर्ड स्क्रीनलॉकवर उघडतात. तो लॉक चार आकडी असेल आणि दुकानदारापासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत असेल, तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. तो सहा आकडी करा आणि जन्मसाल घेऊ नका. दुसरी मर्यादा घरच्या सामायिक विंडोज कॉम्प्युटरची. फुकटातला गेम किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं, की त्यासोबत ब्राउझरमधले पासवर्ड उचलणारा प्रोग्रॅम येऊ शकतो. २०२४ मध्ये क्रोमने विंडोजवर याविरुद्ध जादा कुलूप घातलं, तरी तेवढ्यावर विसंबू नये. अशा कॉम्प्युटरवर बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड सेव्ह करू नका. फोनवर एका अॅपला दुसऱ्याच्या पोटात सहसा शिरता येत नाही, म्हणून ती जागा बरी.

मग वहीत काय उरतं? मुख्य ईमेलचा पासवर्ड, कारण बाकी बहुतेक पासवर्ड त्या ईमेलवरूनच बदलता येतात. त्याच्याच खाली गूगलचे बॅकअप कोड. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनखाली ते मिळतात. आठ आकडी दहा कोड येतात आणि प्रत्येक एकदाच चालतो, म्हणून वापरलेला खोडून टाकायचा. फोन हरवला आणि ओटीपी येणंच बंद झालं, तर आत शिरायला हेच कामी येतात. मॅनेजर घेतलं असेल तर मास्टर पासवर्डही इथेच लिहा. कोणत्या बँकेत खातं आहे आणि कोणता नंबर जोडला आहे, हेही लिहा. घरातला व्यवहार पाहणारा माणूस अचानक आजारी पडला, तर इतरांना सगळ्यात आधी तेच लागतं.

एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र वहीत नको. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने गुप्त तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर काहीच येत नाही. पिन वहीत आणि वही चारचौघांच्या हातात, तर आपली चूक नव्हती हे पटवणं अवघड जातं.

वाचक बाईंना एवढंच सांगतो, की वही कपाटात राहू द्या, पण तिच्या पानांचे फोटो कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवले असतील तर ते आजच दोन्ही फोनमधून पुसा आणि त्या पानांवरचे पासवर्ड बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा, बाकीचे सवडीने. पासकीबद्दल पुढच्या आठवड्यात.