दुपारचं खाद्य आणि कोंबडीची धाप

पैनगंगेच्या अलीकडच्या हिमायतनगर तालुक्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी परसातल्या कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून सुटे धरून सावलीला बसतात. त्यांना घाम येत नाही, कारण घर्मग्रंथीच नसतात. शरीराचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या वर असतं आणि बाहेरची हवाही तितकीच तापली की उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते, ती म्हणजे धाप. श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन जातो आणि आतलं रक्त थोडं निवतं.

या धापेची किंमत अंड्याला मोजावी लागते. भराभर श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आणि त्यातला कार्बोनेट त्याच वायूपासून तयार होतो. म्हणून उन्हाळ्यात कॅल्शियम देऊनही कवच पातळ राहतं.

पाळणारे बहुतेकदा चुकतात ते खाद्याच्या वेळेत. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती पुढचे काही तास वाढत जाते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेल्या पक्ष्याची आतली भट्टी भर दुपारीच पेटते. म्हणून खाद्य पहाटे द्यावं, नऊ-दहाच्या सुमारास भांडी उचलावीत आणि ऊन कलल्यावर, पाच-सहाला पुन्हा ठेवावीत. वजन थोडं कमी भरेल, पण पक्षी वाचेल.

पाणी मात्र क्षणभरही बंद नको. अंडी देणाऱ्या शंभर कोंबड्या एरवी दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी पितात, उन्हात त्याच्या दुप्पट लागतं. पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं गरम पाणी त्या टाळतात. टाकी सावलीत ठेवून तिला ओलं गोणपाट गुंडाळावं, नळीही उघड्यावर ठेवू नये. छतावर उसाचं पाचट किंवा तुराट्या टाकल्या, तर त्या ओल्या ठेवाव्यात. कोरड्या राहिल्या तर आगीची भीती असते.

शेडच्या बाजूंना ओली गोणपाटं लावण्याची पद्धत मराठवाड्याच्या कोरड्या हवेत छान चालते. पण ही युक्ती सर्वकाळ चालत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की वाफ होण्याचा वेग घटतो. अशा वेळी बंदिस्त शेडमध्ये आणखी पाणी मारलं, तर ओलावा तिथंच कोंडतो आणि धापेची एकमेव वाटही बंद होते. पक्षी घशातून घरघर आवाज करीत मान टाकतात. तेव्हा पडदे वर करा, फवारा थांबवा आणि पंख्यांनी वारा खेळता ठेवा.

उद्या दुपारी दोनला शेडमध्ये जाऊन नुसते उभे राहा. निम्म्याहून जास्त पक्षी चोच उघडून बसले असतील, तर दुसऱ्या दिवसापासून खाद्याची भांडी तासभर आधी उचला.